फ्रॉक १९४०च्या दशकातला की १९७०च्या? चेन, लेबल, शिवण आणि कापड यांवरून काळ कसा ठरवायचा

प्रश्न: ठाण्याला नौपाड्यात राहते. वाशीच्या एका प्रदर्शनात जुना अमेरिकन फ्रॉक घेतला. विकणाऱ्या बाईंनी '१९४०च्या दशकातला, ओरिजिनल' म्हणून दिला. काळ्या क्रेपवर बारीक फुलं, फुगा बाह्या, खांद्याशी चुण्या, बदाम गळा, डाव्या बाजूला धातूची चेन. आत सगळीकडे इंटरलॉक आहे. मानेशी दुकानाचं लेबल आहे, त्यावर देशाचं नाव नाही. कडेच्या शिवणीत कामगार संघटनेचं लाल-पांढरं-निळं छोटं लेबल आहे आणि त्याच्याखाली कापून टाकलेल्या एका लेबलाचं बूड. चेनेच्या कडेला जुन्या टाक्यांची भोकं दिसतात. खरंच चाळीसच्या दशकातला आहे का, आणि आपलं आपण कसं ओळखायचं? आजोबांचा दादरच्या शिंप्याने शिवलेला एक कोटही आहे, त्यालाही हेच लागू पडतं का?

उत्तर: नाही. तुम्ही वर्णन केलेला फ्रॉक १९७४च्या आधीचा असू शकत नाही, आणि बहुधा १९८४च्या पुढचाही नाही. चाळीसच्या दशकाची फॅशन सत्तरच्या दशकात परत आली होती, त्या लाटेतला हा फ्रॉक आहे. विकणाऱ्या बाईंनी मुद्दाम फसवलं असेल असं मला वाटत नाही. बहुतेक लोक कपडा हँगरवर टांगून बाहेरून बघतात आणि बाहेरून हा फ्रॉक चाळीसचाच दिसणार. काळ ठरतो तो कपडा उलटा केल्यावर.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. कपड्यावरची जवळजवळ प्रत्येक खूण एकाच बाजूची सीमा सांगते: 'यापूर्वीचा नाही'. जुन्या पद्धती मरत नाहीत. धातूची चेन, हाताने घातलेलं हेम, फुगा बाही हे सगळं आजही कुणीही करू शकतं. पण जी गोष्ट अजून निघालेलीच नव्हती ती कपड्यात येऊ शकत नाही. म्हणून दहा खुणा जुन्या आणि एक नवी असेल, तर तारीख ती एक नवी खूण ठरवते. फक्त ती खूण मूळची आहे, नंतर कुणी घातलेली नाही, एवढी खात्री करावी लागते. कपडा तपासण्याचं निम्मं काम म्हणजे ही खात्री करणं.

फ्रॉक उलटा करून पांढऱ्या चादरीवर, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात पसरा. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक चिमटा हाताशी ठेवा. सुरुवात लेबलांपासून करा, कारण लेबलांच्या मागे कायदे असतात आणि कायद्यांना तारखा असतात.

कडेच्या शिवणीतलं तिरंगी लेबल हा तुमच्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. अमेरिकेत बायकांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांची मोठी संघटना होती, आयएलजीडब्ल्यूयू या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी. तिच्या कारखान्यांत शिवलेल्या कपड्यांना तिचं लेबल लागायचं आणि त्याचं रूप वेळोवेळी बदलत गेलं. एएफएल आणि सीआयओ हे दोन महासंघ १९५५च्या डिसेंबरात एकत्र आले, त्यामुळे 'एएफएल-सीआयओ' अशी जोड असलेलं लेबल त्याआधीचं असूच शकत नाही. लाल, पांढरा, निळा असे तीन रंग आले ते १९७४ साली. १९९५मध्ये ही संघटना दुसऱ्या संघटनेत विलीन झाली आणि लेबल बंद झालं. म्हणजे हे एक लेबल १९७४ ते १९९५ अशा दोन्ही सीमा देतं. एकच खूण दोन्ही बाजू बंद करते असं फार क्वचित होतं.

आता हे लेबल मूळचं आहे का ते बघा. कडेच्या शिवणीत ते दोन कापडांच्या मध्ये, मूळ टिपेखाली धरलेलं असायला हवं. लेबलाच्या वरून आणि खालून जाणारी टीप एकाच दोऱ्याची, एकाच लांबीच्या टाक्यांची आणि न तुटता गेलेली दिसली, तर लेबल शिवतानाच घातलेलं आहे. लेबलापाशीच टीप दुहेरी झाली असेल, दोऱ्याचा रंग किंचित वेगळा असेल, किंवा लेबल नुसतं मायेवर, म्हणजे टिपेबाहेर सोडलेल्या कापडावर, हातटाक्यांनी टाचलं असेल, तर त्याच्यावर विसंबू नका.

त्याच्याखाली कापलेलं जे बूड आहे, ते धुण्याच्या सूचनांच्या लेबलाचं असण्याची शक्यता दाट आहे. टोचतं म्हणून लोक तेच कापतात. अमेरिकेत कपड्यावर धुण्याची सूचना कायमची शिवलेली असणं जुलै १९७२पासून सक्तीचं झालं. कापड कशाचं आहे हे टक्केवारीनिशी सांगणारं लेबल १९६०च्या मार्चपासून आवश्यक झालं. बुडावर एखादं अक्षर उरलंय का ते भिंगातून बघा. 'आरएन' आणि पुढे आकडा दिसला तर तो कंपनीचा नोंदणी क्रमांक. १३६७० आणि त्यापुढचे क्रमांक १९५९पासून दिले गेले. हा क्रमांक कंपनीला एकदाच मिळतो आणि ती तो वर्षानुवर्षं वापरते, त्यामुळे त्यावरून कपड्याचं साल काढता येत नाही, फक्त 'यापूर्वीचा नाही' एवढीच सीमा कळते. ही चूक विकणारे सर्रास करतात: कंपनीची नोंदणी १९६२ची निघाली की कपडाही १९६२चा ठरवून मोकळे होतात.

मानेच्या लेबलावर देशाचं नाव नाही हेही उपयोगाचं आहे. अमेरिकेने १९८४च्या डिसेंबरअखेरपासून स्वतःच्या देशात शिवलेल्या कपड्यांवरही देशाचं नाव लिहिणं बंधनकारक केलं, आणि ते मानेशी, आतल्या बाजूला, मध्यभागी दिसायला हवं असा नियम आहे. तुमचं मानेचं लेबल शाबूत आहे आणि त्यावर नाव नाही. शेजारी दुसरं लेबल उसवल्याच्या खुणाही नसतील, तर फ्रॉक १९८५च्या आधीचा मानायला हरकत नाही. हा पुरावा तिरंगी लेबलाइतका भक्कम नाही, कारण नियम असूनही माल तसाच सुटतो. म्हणून मी वर 'बहुधा' म्हटलं.

लेबलं नसती तर? तर सगळा भार कापड, शिवण आणि चेन यांच्यावर येतो. तुमच्याकडे लेबलं असली तरी हे तिन्ही तपासून बघा, म्हणजे पुढच्या वेळी लेबल नसलेला कपडा हातात आला तरी अडणार नाही.

चेनेपासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. सर्वसाधारण नियम असा: बायकांच्या फ्रॉकना चेन लागू लागली ती १९३०च्या दशकाच्या मध्यानंतर. त्याआधी हुक-आकडे आणि टिचबटणं. चाळीसच्या दशकात धातूची चेन बहुतेक डाव्या कुशीत, काखेखालून कमरेच्या खालपर्यंत. पन्नासच्या दशकात ती हळूहळू पाठीच्या मध्यावर सरकली. नायलॉनच्या वेटोळ्याची चेन साधारण १९६०पासून आली आणि साठचं दशक संपेपर्यंत तिने फ्रॉकमधून धातूच्या चेनेला जवळजवळ हटवलं. या हिशेबाने तुमची कुशीतली धातूची चेन सरळ चाळीसच्या दशकाकडे बोट दाखवते, आणि विक्रेत्या बाईही त्यालाच भुलल्या असणार.

पण चेन हा कपड्याचा सगळ्यात आधी मोडणारा भाग आहे. रनर निघतो, दाते सुटतात, आणि शिंपी त्याच्या डब्यात असेल ती चेन लावून देतो. म्हणून चेनेकडे बघण्याआधी चेनेच्या भोवती बघा. मूळ चेन असेल तर कापडात भोकांची एकच ओळ असते, ती आत्ताच्या टिपेखाली. तुमच्या फ्रॉकला कडेने जुनी भोकं दिसतायत, म्हणजे आधीची टीप वेगळ्या जागी होती. फ्रॉक उजेडासमोर धरा. जुन्या भोकांची ओळ आत्ताच्या चेनेइतकीच लांब आहे की पुढे जाते? पुढे जात असेल तर मूळ चेन जास्त लांब होती. भोकांच्या दोन ओळींमधलं कापड बाजूच्या कापडापेक्षा गडद असेल, तर तिथे वर्षानुवर्षं जुन्या चेनेची पट्टी किंवा कापडाची घडी होती आणि रंग उडाला नाही. चेन लावलेला दोरा फ्रॉकच्या इतर शिवणींतल्या दोऱ्याशी ताडून बघा. काळा काळ्याला जुळला तरी जाडी, पीळ आणि चकाकी जुळतेच असं नाही. तुमच्या वर्णनावरून ही चेन नंतरची आहे, आणि नंतरची चेन कपड्याच्या वयाबद्दल काहीही सांगत नाही. कदाचित मूळची नायलॉनची असेल. कुशीत वरच्या टोकाला कधी जुन्या पट्टीचा तुकडा शिवणीत अडकून राहतो, तो चिमट्याने उचलून बघा.

चेनेवरच्या गंजावरून वय काढू नका. आपल्याकडच्या खाडीकाठच्या हवेत पितळेवर हिरवट थर आणि लोखंडी रनरवर गंज चढायला एक-दोन पावसाळे पुरतात. परवा घेतलेली चेन कपाटात नीट ठेवली नाही तर पन्नास वर्षांची दिसू लागते.

शिवणीची गोष्ट चेनेसारखीच, पण इथे खरं-खोटं करणं सोपं आहे. चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या अमेरिकन तयार फ्रॉकमध्ये मायेच्या कडा बहुधा नागमोडी कात्रीने कापलेल्या किंवा तशाच सोडलेल्या असतात. सुताचा दोरा, मोकळी माया, आणि हेम हाताने किंवा आंधळ्या टाक्याच्या मशीनने घातलेलं. इंटरलॉकचं मशीन एकोणिसाव्या शतकापासून आहे, पण विणलेल्या बनियन-मोज्यांच्या बाहेर, तयार फ्रॉकच्या प्रत्येक शिवणीला ते सरसकट मारायची पद्धत साठच्या दशकापासूनची. तुमच्या फ्रॉकला सगळीकडे इंटरलॉक आहे. ते मूळचं असेल तर चाळीसचा दावा तिथेच डळमळतो.

पण आपल्या भागातल्या शिंप्यांची सवय लक्षात घ्या. कंबर आत घ्यायला दिलेला कपडा ते कडा इंटरलॉक करूनच परत देतात, न सांगता. म्हणून हे बघा: कुशीची उभी शिवण कमरेच्या आडव्या शिवणीला जिथे छेदते त्या जागी काय होतं. कारखान्यात आधी चोळी आणि घेर वेगवेगळे जोडले, मग कमरेत एकत्र शिवले असतील, तर कुशीचं इंटरलॉक कमरेच्या शिवणीत दाबलं गेलेलं दिसेल, त्याचं टोक कमरेच्या टिपेखाली नाहीसं होईल. नंतर मारलेलं इंटरलॉक तिथे आत शिरू शकत नाही. ते एकतर कमरेपाशी थांबतं आणि दोऱ्याची शेपटी सोडतं, किंवा कमरेच्या मायेवरून उडी मारून जातं. ज्या फ्रॉकमध्ये कुशीची शिवण वरपासून खालपर्यंत एकदम मारली आहे, तिथे मागचे-पुढचे कमरेचे तुकडे कुशीच्या इंटरलॉकमध्ये अडकलेले दिसतात. तेव्हा कमरेच्या शिवणीऐवजी खांद्याची शिवण तपासा: तिचं इंटरलॉक गळ्याच्या आणि बाहीच्या शिवणीत दाबलं गेलंय का. एक पाऊल पुढे, इंटरलॉकला लागूनच समांतर एक टीप आहे आणि तिची उलट बाजू साखळीसारखी गुंफलेली दिसते का ते बघा. तशी असेल तर जोडणं आणि कडा बांधणं एकाच मशीनवर एकाच वेळी झालं आहे. हे काम कारखान्याचं, कोपऱ्यावरच्या शिंप्याचं नाही.

कापडाची परीक्षा मात्र जपून करा. चाळीसच्या दशकातलं खरं क्रेप बहुतेक रेयॉनचं असतं. ते हातात थंड आणि जड लागतं, मुठीत दाबलं की सुरकुततं आणि पाण्यात आटतं. म्हणून खात्री होईपर्यंत फ्रॉक पाण्यात घालू नका. पॉलिएस्टर क्रेप मुठीतून सोडल्यावर पुन्हा सपाट होतं. अमेरिकेत पॉलिएस्टरचे कपडे लोकांसमोर आले ते १९५१मध्ये, डेक्रॉन या नावाने. त्यामुळे कापड पॉलिएस्टरचं निघालं तर चाळीसचा प्रश्नच मिटतो.

खात्रीसाठी मायेच्या कडेतून दोन-तीन सेंटिमीटरचा उभा आणि तेवढाच आडवा धागा काढा. दोन्ही वेगळे तपासायचे, कारण मिश्र कापडात ते वेगळे असू शकतात. धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर, शेजारी पाण्याची वाटी ठेवून, ज्योतीजवळ न्या. रेयॉन कागदासारखा भरभर जळतो, कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. रेशीम केस जळल्यासारखं वासतं. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसतो, वितळतो, काळा धूर सोडतो आणि कडक काळा मणी उरतो, तो बोटांनी फुटत नाही. इथे एक फसगत आहे. अ‍ॅसिटेटही वितळतो, आणि अ‍ॅसिटेट विसाच्या दशकापासून कपड्यांत आहे. 'वितळला म्हणजे पॉलिएस्टर' एवढ्यावर थांबलात तर खरा चाळीसचा फ्रॉक हातचा घालवाल. अ‍ॅसिटेट जळताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो आणि त्याचा मणी दाबला की चुरा होतो. तरी शंका राहिली तर दुसरा धागा अ‍ॅसिटोन असलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरच्या थेंबात ठेवा. अ‍ॅसिटेट विरघळून चिकट होईल, पॉलिएस्टर जसाच्या तसा राहील. रिमूव्हर पेटणारा आहे, तो ज्योतीपासून लांब, आणि फ्रॉकवर त्याचा थेंब पडू देऊ नका.

अशीच परीक्षा शिवणीच्या दोऱ्याची घ्या. मायेत लोंबणारं टोक पुरेसं आहे. सुताचा दोरा राख होतो, पॉलिएस्टरचा मणी होतो. खांदा, कूस आणि हेम अशा तीन ठिकाणचे दोरे पॉलिएस्टरचे निघाले, तर फ्रॉक साठच्या दशकाच्या आधीचा मानू नका. एकाच ठिकाणी निघाला तर तिथे दुरुस्ती झाली असं समजा.

बाह्य आकार मी मुद्दाम शेवटी ठेवते, कारण तो सगळ्यात आधी नजरेत भरतो आणि सगळ्यात कमी विश्वासाचा आहे. १९७१च्या जानेवारीत इव्ह सेंट लॉरंट या फ्रेंच डिझायनरने पॅरिसमध्ये चाळीसच्या दशकावर बेतलेले कपडे मांडले, टीकाही बरीच झाली, पण फॅशन पसरली. लंडनमध्ये बिबा हे दुकान तिशी-चाळिशीच्या छटांवरच चाललं होतं. पुढची काही वर्षं बारीक फुलांचे गडद क्रेप फ्रॉक अमेरिकेत ढिगाने शिवले गेले. खरे चाळीसचे आणि हे यांत फरक आहेत, पण ते कापणीत बघावे लागतात. युद्धाच्या काळात अमेरिकेत कापडावर निर्बंध होते, म्हणून खऱ्या फ्रॉकचा घेर आखडता, लांबी गुडघ्याच्या थोडी खाली, आणि खांद्यात कापसाचे किंवा फेल्टचे पॅड. १९४७नंतर पॅरिसचा डिझायनर डिओर याच्या प्रभावाने घेर आणि लांबी वाढली. सत्तरच्या दशकातल्या फ्रॉकमध्ये खांद्याशी चुण्या असतात पण पॅड बहुधा नसतो, मुंढा वर आणि घट्ट असतो, बाहीचा फुगा उंच पण बाही अरुंद, खालचा घेर कळ्यांचा किंवा उरेब कापलेला आणि पोटरीपर्यंत लोंबणारा. मागे कमरेत इलॅस्टिक किंवा बांधायचे पट्टे असले तर तेही त्याच काळाकडे नेतात. फ्रॉक अंगात घालून किंवा पुतळ्यावर बघा. खांद्यात मूळ पॅड होते की नाही हे खांद्याच्या मायेत हातटाक्यांची भोकं शोधून कळतं.

विकायचा झाला तर माझ्या मते वर्णन असं लिहा: अमेरिकन तयार फ्रॉक, १९७४ ते साधारण १९८४, चाळीसच्या दशकाच्या धर्तीवर, चेन नंतर बदललेली. कापडाची परीक्षा झाली की त्याचं नाव घाला. जाणकार गिऱ्हाईक 'चेन बदललेली' हे शब्द वाचून पळत नाही, उलट बाकीच्या वर्णनावर विश्वास ठेवतो.

आता आजोबांचा कोट. तत्त्व तेच, फक्त अमेरिकेचे कायदे सोडा आणि आपल्याकडच्या तारखा धरा. शिंप्याच्या लेबलावरचा पत्ता वाचा. पिन कोड आला १५ ऑगस्ट १९७२ला. त्याआधी पत्त्यात 'दादर, मुंबई २८' असा नुसता विभागाचा आकडा असायचा, तोच पुढे ४०००२८ झाला. लेबलावर सहा आकडे असतील तर कोट १९७२च्या आधीचा नाही. नुसता २८ असेल तर लेबल बहुधा आधीचं छापलेलं आहे, पण कोट आधीचाच असं मात्र नाही. शिंपी लेबलांचे गठ्ठे विणून घेतात आणि संपेपर्यंत लावतात, शिवाय लोकही जुना आकडा बरीच वर्षं लिहीत राहिले. इंग्रजी लेबलावर शहराचं नाव 'बॉम्बे' ऐवजी 'मुंबई' असेल तर ते १९९५च्या आसपासचं किंवा नंतरचं.

मग आतला खिसा उलटा करा. काही शिंपी तिथे शाईने बिल नंबर, गिऱ्हाइकाचं नाव किंवा तारीख लिहून ठेवत, आणि अस्तराच्या घडीत ती टिकते. अस्तर खालच्या बाजूने सुटलेलं असेल तर आत डोकावून कापडाची किनार दिसते का बघा. सूटिंगच्या किनारीवर मिलचं नाव आणि लोकर-पॉलिएस्टरचं प्रमाण विणलेलं किंवा छापलेलं असतं, आणि शिंपी कापड वाचवायला किनार मायेत घेतात. टेरीवूल असेल तर साठच्या दशकाच्या आधी जाऊ नका. वूलमार्कची खूण असेल तर १९६४च्या आधी नाही. कोटाच्या कॉलरची रुंदी आणि खांद्याचा उतार मात्र जपून वापरा: शिंपी गिऱ्हाइकाच्या जुन्या मापावरच, त्याला सवयीची झालेली कापणी वर्षानुवर्षं देत असे, त्यामुळे १९७५च्या कोटात १९६०ची कॉलर सापडणं अगदी साहजिक आहे. घरात लग्नाचे फोटो असतील तर ते काढा, कोट ओळखू आला तर फोटोच्या मागे फोटो स्टुडिओचा शिक्का आणि तारीख बघा. या सगळ्यांत 'या सालाच्या नंतरचा नाही' अशी वरची सीमा देणारी गोष्ट तीच एक आहे.